निवृत्तांचे करपात्र उत्पन्न कसे काढायचे? पेन्शन, व्याज, भाडे आणि लाभांशाचा हिशेब

आपल्या वस्त्यांमध्ये सरकारी नोकरीत गेलेली पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. कुणी कारकून होते, कुणी तलाठी, कुणी परिचारिका. नोकरीत असताना कराचा हिशेब कार्यालयच करत असे. पगारातून कर कापला जाई आणि फॉर्म १६ हातात पडे. निवृत्तीनंतर मात्र उत्पन्न चार वाटांनी येते आणि ते एकत्र मोजणारे कुणी नसते. पेन्शन देणाऱ्या बँकेला पोस्टातले व्याज दिसत नाही. पोस्टाला भाडे ठाऊक नसते. म्हणून हा हिशेब आपला आपणच करावा लागतो.

या हिशेबात दोन टोकाच्या चुका नेहमी आढळतात. काही ज्येष्ठ म्हणतात, "पेन्शनीला कुठे कर असतो?" आणि रिटर्न भरतच नाहीत. दुसरे काही जण पासबुकात जमा झालेली सगळी रक्कम उत्पन्न धरतात आणि घाबरून जातात. खरे उत्तर या दोन्हींच्या मधे आहे. करपात्र उत्पन्न म्हणजे खात्यात आलेली रक्कम नव्हे. उत्पन्नाच्या प्रत्येक प्रकाराला आधी त्याची स्वतःची सूट मिळते आणि मग उरलेल्या रकमांची बेरीज होते. हा क्रम समजला की अर्धे काम झाले.

खालील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळाचे आहेत.

एक उदाहरण घेऊ

समजा, राज्य शासनाच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ६७ वर्षांचे एक काका आहेत. त्यांना महागाई भत्त्यासह महिना ४२,००० रुपये पेन्शन मिळते. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांचे १५ लाख रुपये आहेत. बँकेत मुदत ठेवी आहेत. घराच्या वरच्या मजल्यावर महिना ६,००० रुपये भाड्याने कुटुंब राहते. काही जुने शेअर आहेत, त्यांवर वर्षाला ८,४०० रुपये लाभांश येतो.

निवृत्तीच्या वेळी त्यांना मिळालेली ग्रॅच्युइटी, पेन्शन विकून (कम्युटेशन करून) मिळालेली एकरकमी रक्कम आणि शिल्लक रजेचे पैसे या हिशेबात धरायचे नाहीत. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला या तिन्ही रकमा करमुक्त आहेत. पण त्या रकमा ठेवीत गुंतवल्यावर येणारे व्याज मात्र करपात्र आहे. गोंधळ इथेच होतो.

पेन्शन: वर्षाची पेन्शन ५,०४,००० रुपये. कायद्याच्या दृष्टीने पेन्शन हा पगारच असतो. त्यामुळे पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावट पेन्शनरलाही मिळते. नव्या करप्रणालीत ती ७५,००० रुपये आहे. तिच्यासाठी पावती किंवा गुंतवणूक दाखवावी लागत नाही. उरले ४,२९,०००.

भाडे: वर्षाचे भाडे ७२,००० रुपये. त्यातून आधी मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करायची. ती या मजल्यापुरती ४,००० रुपये धरू. उरले ६८,०००. या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे २०,४०० रुपये, दुरुस्ती-देखभालीपोटी आपोआप वजा होतात. खर्च शून्य झाला असला तरी हे ३० टक्के मिळतात आणि खर्च जास्त झाला असला तरी ३० टक्केच मिळतात. उरले ४७,६००. ही सूट नव्या आणि जुन्या दोन्ही प्रणालींत आहे, तरीही अनेक जण पूर्ण भाडे उत्पन्नात दाखवतात. घरपट्टी थकवली असेल तर तिची वजावट त्या वर्षी मिळत नाही.

व्याज: बचत योजनेचा दर ८.२ टक्के, म्हणून १५ लाखांवर वर्षाला १,२३,००० रुपये. मुदत ठेवींचे ५८,००० आणि बचत खात्याचे ४,०००. एकूण १,८५,०००. नव्या प्रणालीत यावर कसलीही सूट नाही.

लाभांश: ८,४०० रुपये. एप्रिल २०२० पूर्वी कंपनीच यावर कर भरत असे. आता तो भागधारकाच्या उत्पन्नात पूर्ण धरला जातो.

आता बेरीज करू: ४,२९,००० + ४७,६०० + १,८५,००० + ८,४०० = ६,७०,००० रुपये. काकांचे करपात्र उत्पन्न एवढे आहे. हातात वर्षभरात ७,६९,४०० रुपये आले होते.

कर किती?

नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के. म्हणजे २,७०,००० वर १३,५०० रुपये कर होतो. परंतु एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ नुसार सूट मिळते आणि हा कर शून्य होतो.

जुनी प्रणाली निवडली तर? तिथे प्रमाणित वजावट ५०,०००च आहे. मात्र ज्येष्ठांना बँक-पोस्टाच्या व्याजावर ५०,००० रुपयांची सूट मिळते आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावटही मिळते. हप्ता ३०,००० धरला तर उत्पन्न ६,१५,००० वर येते. हे उत्पन्न कमी आहे, पण त्या प्रणालीत कर शून्य होण्याची मर्यादा ५ लाखांचीच आहे. त्यामुळे उपकरासह ३४,३२० रुपये कर बसतो. म्हणजे करपात्र उत्पन्न कमी दिसते आणि कर मात्र जास्त होतो. वजावटी पाहून प्रणाली निवडू नये, शेवटचा कर पाहून निवडावी. विहाराला किंवा संस्थेला दिलेल्या दानाची वजावटही फक्त जुन्या प्रणालीत आणि त्या संस्थेकडे ८०जी नोंदणी असेल तरच मिळते. नव्या प्रणालीत ती पावती करासाठी उपयोगाची नाही.

१२ लाखांची मर्यादा थोडी ओलांडली म्हणून घाबरू नये. उत्पन्न १२,१०,००० झाले तर कर ६१,५०० होत नाही. मर्यादेवरच्या रकमेएवढा, म्हणजे १०,००० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर इतकाच लागतो. एक अपवाद ध्यानात ठेवावा. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर वेगळ्या दराने कर लागतो आणि त्या कराला ८७अ ची सूट लागू होत नाही. लाभांशाला असे बंधन नाही.

कर शून्य, तरी पैसे का कापले?

ज्येष्ठांचे एका बँकेतले किंवा पोस्टातले व्याज वर्षाला १ लाखापेक्षा जास्त झाले की १० टक्के टीडीएस कापला जातो. काकांचे पोस्टातले व्याज १,२३,००० आहे, म्हणून १२,३०० रुपये कापले जातील. बँकेचे व्याज मर्यादेच्या आत आहे, तिथे काही कापणार नाही. लाभांशावर एका कंपनीकडून १०,००० पर्यंत कपात होत नाही.

ही कपात टाळायची असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच पोस्टात फॉर्म १५एच द्यावा. साठीपुढच्या ज्या व्यक्तीचा अंतिम कर शून्य येणार आहे, तिला तो देता येतो. एकदा कापलेले पैसे पोस्ट परत करत नाही, ते रिटर्न भरूनच मिळतात. उत्पन्न दाखवताना कपातीनंतर हाती आलेली रक्कम लिहू नये. पूर्ण व्याज लिहावे आणि कापलेला कर वेगळा दाखवावा.

"कर शून्य आहे, मग रिटर्न कशाला?" असा प्रश्न येतो. रिटर्नची सक्ती कर लागतो की नाही यावर ठरत नाही. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की रिटर्न भरावेच लागते. मुदत ३१ जुलैची असते. ती चुकली आणि एकूण उत्पन्न ५ लाखांपेक्षा जास्त असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क लागते. काकांचा कर शून्य असूनही त्यांना ते भरावे लागेल.

जिथे हिशेब चुकतो

पहिली चूक मुदत ठेवीत होते. व्याज मुदतीअखेर मिळणार असले तरी बँक ते दरवर्षी जमा धरते आणि आयकर खात्याला कळवते. पाच वर्षांचे व्याज शेवटच्या वर्षी एकदम दाखवले तर आधीच्या वर्षांची नोंद जुळत नाही आणि नोटीस येते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावाचे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, मिळते. रिटर्न भरण्यापूर्वी त्यातले व्याज आणि लाभांशाचे आकडे आपल्या पासबुकाशी ताडून पाहावेत.

दुसरी चूक पत्नीच्या नावावरच्या ठेवीत होते. काकांनी ग्रॅच्युइटीतले ५ लाख काकूंच्या नावावर ठेवले, तर त्याचे व्याज कायद्याने काकांच्याच उत्पन्नात मिळवले जाते. खाते कुणाच्या नावावर आहे यापेक्षा पैसा कुणाचा होता हे पाहिले जाते. काकूंची स्वतःची कमाई असेल तर तिचे व्याज मात्र त्यांचेच.

तिसरी चूक कुटुंब निवृत्तिवेतनात होते आणि ती आपल्या विधवा आया-मावश्यांना भोवते. पतीच्या पश्चात मिळणारी ही पेन्शन 'पगार' मानली जात नाही. त्यामुळे तिला ७५,००० ची वजावट नाही. नव्या प्रणालीत पेन्शनचा एक-तृतीयांश हिस्सा किंवा २५,००० रुपये, यांतील कमी असेल तेवढीच वजावट मिळते. महिना २२,००० मिळत असतील तर वर्षाच्या २,६४,००० मधून २५,००० वजा होऊन २,३९,००० उत्पन्नात येतात. फॉर्म भरून देणाऱ्याने ही पेन्शन पगाराच्या रकान्यात टाकली तर जादा सूट घेतल्याचे दिसते आणि नोटीस त्या माउलीच्या नावाने येते.

म्हणून रिटर्न दुसऱ्याकडून भरून घेत असलात तरी चार आकडे आपल्या वहीत लिहून न्यावेत: वर्षाची पेन्शन, घरपट्टी वजा केलेले भाडे, सर्व खात्यांचे मिळून व्याज आणि लाभांश. भरलेला फॉर्म हाती आला की हे चारही आकडे त्यात आहेत का आणि पेन्शन योग्य रकान्यात आहे का, एवढे पाहूनच सही करावी.