एसीच्या रिमोटचे कोड आणि वेळापत्रकाचे कूलिंग

टीव्हीच्या रिमोटवर आवाज वाढवण्याचे बटण दाबले, की ‘एक पायरी वाढव’ एवढाच संदेश जातो. एसीच्या बहुतेक रिमोटचे तसे नसते. तापमान एका अंशाने बदलले, तरी चालू की बंद, कूलिंग की ड्राय, किती अंश, पंख्याचा वेग किती, अशी सगळी स्थिती पुन्हा पाठवली जाते. त्यामुळे एकेका बटणाचा कोड टिपून भागत नाही. ‘कूलिंग, २६ अंश, पंखा ऑटो’ अशी पूर्ण स्थितीच टिपावी लागते.

हे काम टीएसओपी जातीचा तीन पायांचा रिसीव्हर करतो. रिमोटचा अदृश्य प्रकाश बहुधा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो. रिसीव्हर ते लुकलुकणे गाळून प्रकाश किती वेळ होता आणि किती वेळ नव्हता, एवढेच मायक्रोकंट्रोलरला कळवतो. ईएसपी८२६६ वर `IRremoteESP8266` लायब्ररीतला `IRrecvDumpV2` हा प्रोग्राम चालवला, की ओळखीचा कोड पडद्यावर उमटतो.

एलजीच्या अनेक एसींचा संदेश २८ बिटांचा, म्हणजे सात अंकांचा असतो. कूलिंग, २६ अंश, पंखा ऑटो अशा स्थितीत एसी सुरू करणारा कोड पाहा:

```
irsend.sendLG(0x8800B50, 28);
```

यात 88 ही ओळखखूण आणि 00 म्हणजे ‘कूलिंगवर सुरू’. B म्हणजे ११. त्यात १५ मिळवले की २६ अंश होतात. 5 म्हणजे पंखा ऑटो. शेवटचा अंक पडताळणीचा: मधल्या चार अंकांची बेरीज १६, तिला १६ ने भागून बाकी शून्य. बंद करण्याच्या `0x88C0051` या कोडातही C, 0, 0, 5 यांची बेरीज १७ आणि बाकी १. पडताळणीचा अंक चुकला, तर एसी संदेश मानत नाही. चालू एसीचे तापमान बदलण्याचा कोड किंचित वेगळा असतो. तो रिमोटवरूनच टिपून घ्यावा.

काही कंपन्यांचे संदेश बरेच लांब असतात. डायकिनच्या एका प्रकारात ते २८० बिटांचे आणि तीन तुकड्यांचे आहेत. तुकड्यांमधल्या विरामाला रिसीव्हरचा प्रोग्राम शेवट समजतो आणि कोड अर्धवट टिपला जातो. एकाच बटणाचे तुकडे वेगवेगळे दिसू लागले, तर `kTimeout` १५ असल्यास ५० करावा.

कोड पाठवणारा इन्फ्रारेड एलईडी थेट पिनेवर न जोडता ट्रान्झिस्टरमधून चालवावा; नाहीतर संदेश खोलीपलीकडच्या एसीपर्यंत पोचत नाही. वेळ इंटरनेटवरून घेता येते. मग रात्री अकराला सुरू, पहाटे तापमान वाढवणे, सहाला बंद, असे वेळापत्रक सहज बसते.

मात्र एसी उलट उत्तर देत नाही. संदेश पोचला की नाही, हे प्रोग्रामला कळावे म्हणून हवा बाहेर पडते त्या जाळीजवळ तापमानाचा सेन्सर लावावा. दहा मिनिटांत तिथली हवा थंड झाली नाही, तर तोच कोड पुन्हा पाठवावा. पूर्ण स्थिती सांगणारा कोड दोनदा गेला तरी काही बिघडत नाही. ज्या रिमोटवर चालू आणि बंद यांचा कोड एकच असतो, त्याच्याबाबत हा उपाय करू नये, कारण दुसऱ्या संदेशाने चालू एसी बंद होईल.