मांजराची तहान

मांजर हा मूळचा रुक्ष प्रदेशातील प्राणी होय. घरातील मांजरांचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिकेतील व पश्चिम आशियातील रानमांजरे. तेथे पाणवठे विरळ. परंतु रानमांजराचे त्यावाचून फारसे अडत नसे. ते दिवसातून अनेकदा उंदरांसारखी लहान शिकार करी, आणि उंदराच्या शरीराचा सुमारे ७० टक्के भाग पाण्याचाच असतो. अन्नाबरोबर पाणी आपोआप पोटात जाई. त्यामुळे मांजराला तहानेची जाणीव मंदच असते. हा त्याचा स्वभाव रानात सोयीचा होता. घरात मात्र तो कधी कधी घातक ठरतो.

साताऱ्यातील एका घरी सोन्या नावाचा बोका होता. त्याच्यापुढे दुकानातील कोरड्या, दाणेदार खाद्याची वाटी दिवसभर भरलेली असे. वाटी रिकामी झाली, की जो दिसेल तो ती भरी. त्यामुळे सोन्या किती खातो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. साडेचार किलो वजन शोभावे असा तो बोका साडेपाच किलोंचा झाला. एके दिवशी तो वाळूच्या पेटीत पुनःपुन्हा जाऊन बसू लागला. तो कण्हे, जोर करी. पण लघवीचे दोनचार थेंबच पडत. घरच्या मुलीने हे पाहिले आणि आजोबांना सांगितले. आजोबांनी क्षणाचाही विलंब न लावता त्याला पशुवैद्यांकडे नेले.

हा विलंब टाळला, हे फार चांगले झाले. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. तो पुरता तुंबला, तर एकदोन दिवसांतच बोका दगावू शकतो. सोन्याचा मार्ग सुदैवाने तुंबलेला नव्हता. परंतु लघवी फार दाट झाली होती आणि मूत्राशयाला सूज आली होती. पशुवैद्यांनी औषध दिले आणि पाण्याचा हिशेब समजावून सांगितला. मांजराला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ५० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे साडेचार किलोंच्या मांजराला सुमारे २२५ मिलिलिटर. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहावा हिस्सा असते. ५० ग्रॅम दाण्यांतून मिळणार केवळ पाच मिलिलिटर! उरलेले सारे पिऊनच भरून काढावे लागते.

सोन्या किती पितो, हे मुलीने मोजून पाहिले. तिने एका रुंद वाटीत ३०० मिलिलिटर पाणी ठेवले आणि पाण्याची इतर भांडी झाकली. तशीच दुसरी वाटी तिने त्याला पोहोचता येणार नाही अशा जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या वाटीतील ९० मिलिलिटर पाणी कमी झाले होते, दुसरीतील २०. हे २० मिलिलिटर वाफ होऊन गेले होते. म्हणजे सोन्या प्याला केवळ ७०.

मग भरलेली वाटी उचलली गेली आणि जेवणाच्या चार वेळा ठरल्या. सकाळी व संध्याकाळी ओले खाद्य मिळू लागले. त्यात पाण्याचा भाग सुमारे ८० टक्के असतो. परंतु ते उन्हाळ्यात दिवसभर उघडे ठेवता येत नाही, लवकर नासते. ते वेळेवरच वाढावे लागते. दुपारी व रात्री मोजके दाणे मिळत, तेही वाटीत नव्हे, तर प्लास्टिकच्या बाटलीत. बाटलीला दाण्याहून थोडी मोठी भोके पाडली होती. बाटली पंजाने लोळवली, की एकेक दाणा बाहेर पडे. पहिल्या दिवशी सोन्या तिच्यापाशी नुसता बसून राहिला. तेव्हा मुलीने भोके मोठी केली, आणि हळूहळू तो खेळ त्याला साधला. बाटलीपायी मांजर उपाशी राहत असेल, तर ती दूर करून अन्न वाटीतच द्यावे. कारण दोनतीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजराचे, यकृत बिघडते.

आजोबांनी विजेवर चालणारे छोटे कारंजेही आणले. वाहते पाणी काही मांजरांना आवडते, काहींना मुळीच नाही. म्हणून जुनी वाटी शेजारीच राहू दिली. आरंभी सोन्या त्याच्या आवाजाला बिचकला. चौथ्या दिवशी मात्र त्याने धारेला जीभ लावली. कारंजे वरचेवर घासून धुवावे लागे, नाही तर त्यात बुळबुळीत थर साचे.

महिन्याभराने मुलीने पुन्हा मोजले. सोन्या १३० मिलिलिटर पीत होता, आणि ओल्या खाद्यातून त्याला आणखी सुमारे ७० मिळत होते. पेटीतील वाळूचे ओले गोळेही आता मोठे दिसू लागले. शिवाय एक लाभ न मागता झाला. वेळेवर वाढलेले अन्न एखाद्या दिवशी तसेच राहिले, तर सोन्या आजारी आहे, हे घरच्यांना त्याच दिवशी कळू लागले. सदा भरलेली वाटी ही गोष्ट कधीच सांगत नव्हती.