सुरक्षा चिन्हांचे आकार व रंग

सुरक्षा चिन्ह म्हणजे ठरावीक आकार, ठरावीक रंग आणि एक चित्र यांच्या साहाय्याने सुरक्षेविषयीचा एकच संदेश देणारा फलक होय. कारखाना, गोदाम, रुग्णालय, बस अशा ठिकाणी ही चिन्हे लावलेली असतात. आयएसओ ३८६४ या आंतरराष्ट्रीय मानकाने त्यांचे आकार व रंग निश्चित केले आहेत, तर आयएसओ ७०१० या मानकात प्रत्यक्ष चित्रे दिलेली आहेत. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ९४५७ हे मानक याच विषयावर आहे.

चार मुख्य प्रकार

निषेध चिन्ह: 'हे करू नका' असे सांगते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल वर्तुळाकार कडे असते आणि डावीकडे वरून उजवीकडे खाली जाणारा लाल तिरपा पट्टा असतो. चित्र काळे असते.

आदेश चिन्ह: 'हे केलेच पाहिजे' असे सांगते. पूर्ण भरलेले निळे वर्तुळ व त्यात पांढरे चित्र असते.

इशारा चिन्ह: 'येथे धोका आहे' असे सांगते. पिवळा समभुज त्रिकोण, त्याला काळी कड आणि आत काळे चित्र असते.

सुरक्षित स्थिती चिन्ह: बाहेर पडण्याचा मार्ग, प्रथमोपचार पेटी, एकत्र जमण्याची जागा दाखवते. हिरवा चौरस किंवा आयत व त्यात पांढरे चित्र असते.

यांखेरीज अग्निशामक साधनांसाठी लाल चौरस व पांढरे चित्र असा पाचवा प्रकार आहे. लाल रंग दोन प्रकारांत येत असल्याने तेथे आकारच अर्थ ठरवतो: लाल कडे म्हणजे मनाई, लाल चौरस म्हणजे आग विझवण्याचे साधन.

आकार आणि रंग दोन्ही का?

काही व्यक्तींना लाल व हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. धुरात, संधिप्रकाशात किंवा धूळ बसलेल्या फलकावर निरोगी डोळ्यालाही रंग नीट कळत नाही. अशा वेळी आकार उपयोगी पडतो. उलट, दूर अंतरावर आकाराचे कोपरे अस्पष्ट होतात, तेव्हा रंग आधी जाणवतो. एक खूण निकामी झाली तरी दुसरी संदेश पोहोचवते, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. म्हणून दोन्हींपैकी एकही खूण मनाप्रमाणे बदलणे चुकीचे ठरते.

उदाहरण: जिनिंग कारखाना

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे कापसाच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. कापसापासून रुई व सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यात चारही प्रकारच्या चिन्हांची गरज एका छपराखाली दिसते.

कापूस सहज पेट घेतो आणि रुईच्या गाठीत आग आतल्या आत धुमसत राहू शकते. त्यामुळे प्रवेशद्वारापाशीच धूम्रपान व उघडी ज्योत यांना मनाई करणारी लाल कड्याची चिन्हे हवीत. जिनच्या फिरत्या रुळांत हात, ओढणी किंवा पदर ओढला जाण्याचा धोका असतो. तेथे पिवळा त्रिकोण यंत्राजवळ पोहोचण्यापूर्वीच दिसला पाहिजे. हवेत कापसाचे तंतू व धूळ उडत असल्याने मुखपट्टी वापरण्याचा आदेश देणारे निळे वर्तुळ त्या दालनाच्या दारावर असावे. बाहेर पडण्याच्या दारावर व तेथवर जाणाऱ्या वाटेवर हिरवी चिन्हे लावली पाहिजेत.

येथे होणारी एक चूक म्हणजे 'मुखपट्टी वापरा' हा मजकूर लाल फलकावर लिहिणे. लाल कड्यात मुखपट्टीचे चित्र आले तर त्याचा अर्थ 'मुखपट्टी वापरू नका' असा उलट होतो. दुसरी चूक म्हणजे बाहेर पडण्याच्या दारावर लाल पाटी लावणे. घाईत लाल चौरस पाहणारा माणूस अग्निशामक शोधेल, मार्ग नव्हे.

फलक केवढा असावा?

आयएसओ ३८६४ च्या १९८४ मधील आवृत्तीत दिलेले सूत्र आजही सोयीचे आहे. फलकाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये व पाहण्याचे अंतर मीटरमध्ये धरावे. अंतराच्या वर्गाला २००० ने भागल्यास किमान क्षेत्रफळ मिळते. ५० मीटरपर्यंतच्या अंतरासाठी हे सूत्र वापरतात.

जिनिंगच्या दालनातील फलक १० मीटरवरून ओळखता यायचा असेल, तर १०० भागिले २००० म्हणजे ०.०५ चौरस मीटर क्षेत्रफळ लागते. चौरसाची बाजू सुमारे २२.५ सेंटिमीटर, वर्तुळाचा व्यास सुमारे २५.५ सेंटिमीटर आणि त्रिकोणाची बाजू सुमारे ३४ सेंटिमीटर येते. अंतर दुप्पट झाल्यास क्षेत्रफळ चौपट लागते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. आकाराबरोबर रंगाचेही प्रमाण ठरलेले आहे: निषेध चिन्हात लाल रंग किमान ३५ टक्के, तर आदेश, इशारा व सुरक्षित स्थिती या चिन्हांत त्यांचा रंग किमान ५० टक्के असावा लागतो.

रस्त्यावरील चिन्हांशी फरक

भारतातील रस्त्यांवर धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण पांढरा असून त्याची कड लाल असते. कारखान्यातील त्रिकोण पिवळा व काळ्या कडेचा असतो. दोन्हीकडे त्रिकोणाचा अर्थ इशारा हाच असला तरी रंगपद्धती वेगळ्या आहेत. त्यांची सरमिसळ करू नये.

चिन्हांच्या मर्यादा

उन्हात लाल रंग फिका पडतो. धूम्रपान मनाईच्या फलकावरील लाल कडे व पट्टा पुसट झाल्यास केवळ काळी सिगारेट उरते, आणि ही जागा धूम्रपानासाठीच आहे असा समज होऊ शकतो. म्हणून फलक ठरलेल्या अंतरावरून पुन्हा पाहून तपासावा व फिका दिसताच बदलावा. वीज गेल्यावरही दिसावे यासाठी बाहेर पडण्याची चिन्हे दिव्याची किंवा अंधारात चमकणारी असावी लागतात.

दुसरी मर्यादा मार्गाची आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्याने तो मार्ग बंद झाला, आणि वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले. यावरून दिसते की नेहमीच्या दारावरील एका हिरव्या चिन्हाने वाहनातील गरज भागत नाही. आपत्कालीन खिडकी व काच फोडण्याची हातोडी यांजवळही चिन्ह हवे, आणि त्या वस्तू प्रत्यक्ष जागेवर व वापरण्याजोग्या असल्या पाहिजेत. चिन्ह मार्ग दाखवते, तो उघडत नाही.

सरावप्रश्न

१. निळ्या वर्तुळात पांढरे शिरस्त्राण दाखवले आहे. अर्थ काय?
२. लाल चौरस व लाल कडे यांत काय फरक आहे?
३. विद्युत पेटीवर पिवळ्या त्रिकोणात विजेचा बाण आहे. शेजारी 'पाण्याने आग विझवू नका' हा संदेश द्यायचा असल्यास आकार व रंग कोणता?
४. २० मीटरवरून दिसणाऱ्या चौरस हिरव्या फलकाची बाजू किमान किती असावी?
५. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या कामगाराला निषेध व सुरक्षित स्थिती ही चिन्हे कशी ओळखता येतील?

उत्तरे

१. शिरस्त्राण घालणे बंधनकारक आहे.
२. चौरस अग्निशामक साधन दाखवतो, तिरप्या पट्ट्याचे कडे मनाई दर्शवते.
३. निषेध चिन्ह: पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल कडे, लाल तिरपा पट्टा व काळे चित्र.
४. ४०० भागिले २००० म्हणजे ०.२ चौरस मीटर, म्हणून बाजू सुमारे ४५ सेंटिमीटर.
५. आकारावरून: निषेध चिन्ह वर्तुळाकार व तिरप्या पट्ट्याचे, सुरक्षित स्थितीचे चिन्ह चौरस किंवा आयताकृती.