नोंदवहीतले दोन रकाने

सकाळी ७
महावितरणचा मेसेज कालच आला होता: आज १० ते २ देखभालीसाठी वीज बंद. पार्लरचा गाळा भाड्याचा आहे, तरी मालकांना विनंती करून वीजजोडणीला मी माझा मोबाइल नंबर नोंदवून घेतला. नाहीतर हा मेसेज त्यांच्याकडेच पडून राहतो. पाण्याचं वेगळंच आहे. छत्रपती संभाजीनगरला पाणी जायकवाडीहून येतं आणि तिथल्या पंपगृहाची वीज गेली की शहराचा टप्पा पुढे ढकलला जातो. त्यामुळे आज नळाची वाट बघायची नाही, टाकीत आहे तेवढंच आपलं.

अपॉइंटमेंटच्या वहीत नावापुढे मी दोन रकाने आखलेत, वीज आणि पाणी. थ्रेडिंगला दोन्ही रकाने रिकामे. वॅक्सला फक्त हीटरपुरती वीज, क्लीनअपला अर्धी बादली पाणी. हेअर कलरला केस धुण्याचं पाणी हवंच. स्मूदनिंगला दोन्ही लागतं, तेही मधे खंड न पडता.

सकाळी ८
फोन करायची वेळ. अशा निरोपासाठी मेसेज पुरत नाही, बोलावंच लागतं. ११ वाजता स्मूदनिंग होतं. "ताई, आज दहा ते दोन लाइट नाही. क्रीम धुतल्यावर केस पूर्ण वाळवूनच इस्त्री करावी लागते, मधे ड्रायर बंद पडला तर केसांचं नुकसान होईल. उद्या सकाळी ९ ला या." कारण कळलं की बाई सहसा चिडत नाही. त्या तयार झाल्या. चार हजारांचं काम एक दिवस पुढे गेलं, पण हातचं गेलं नाही. त्यांची जागाही मोकळी ठेवली नाही. 'जवळ राहणाऱ्या, आयत्या वेळी येऊ शकणाऱ्या' अशी वेगळी यादी आहे, त्यातल्या दोघींना वॅक्स आणि क्लीनअपसाठी बोलावलं. साडेदहाचा कलर साडेआठला घेतला, म्हणजे वीज जायच्या आत केस धुऊन होतात.

सकाळी ९
आधी मोटर. लाइट गेली की मोटरही बंद, म्हणून वरची टाकी आत्ताच काठोकाठ भरायची. गीझर साठवणीचा, २५ लिटरचा आहे. पावणेदहापर्यंत तापवला की दुपारपर्यंत पाणी कोमट मिळतं.

सकाळी १०
वीज गेली. आमचा इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, बॅटरी १५० एएचची. दिवे, दोन पंखे आणि वॅक्स हीटर मिळून तीनशे वॅटच्या आसपास धरले, तर बॅटरी तीन-साडेतीन तास तग धरते. ड्रायर एकटाच १६०० वॅट ओढतो. तो लावला की इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि सगळं पार्लर अंधारात. गडबडीत नव्या मुलीकडून तो लागू नये म्हणून इन्व्हर्टरवरचे पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून वेगळे करून घेतले आणि त्यांना हिरवी पट्टी चिकटवली. वीज नसताना हिरव्या पट्टीशिवाय कुठेही पिन घालायची नाही.

दुपारी १२
शॉवर सोडला की एका हेअर वॉशला पंधरा-वीस लिटर सहज जातात. जगने, शॅम्पू पातळ करून धुतलं तर आठ लिटरमध्ये भागतं, खांद्याखालच्या लांब केसांना थोडं जास्त. नळाचं पाणी फक्त केसांसाठी आणि चेहऱ्यासाठी राखायचं. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड. त्यात शॅम्पूला नीट फेस येत नाही आणि धुतलेले केस राठ लागतात. ते फरशीला आणि टॉवेलच्या पहिल्या धुण्याला.

दुपारी २
वीज आली नाही. सांगितलेल्या वेळेवर मी विसंबत नाही, पुढची ड्रायरची अपॉइंटमेंट ३ च्या आधी देतच नाही. पावणेतीनला वीज आली. सुरुवातीला व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबून मगच एसी.

संध्याकाळी ५
गिऱ्हाइकांच्या बोलण्यात परवा, शनिवारी, बंद होणार असल्याची कुजबुज आहे. त्या दिवशीच्या नवरीच्या आईला आजच विचारून ठेवलं: रस्ते बंद झाले तर आदल्या रात्री तुमच्या घरी मुक्कामाला येऊ का? मेकअपची पेटी भरून ठेवली. इंटरनेट बंद झालं की नेहमीचं यूपीआयही थांबतं, म्हणून गल्ल्यात सुट्टे पैसे.

रात्री ८
हिशेब. नवरीचा ॲडव्हान्स आणि पॅकेजचे पैसे वेगळ्या खात्यात जातात. काम झालं की तेवढीच रक्कम धंद्याच्या खात्यात घ्यायची. हे २०२० च्या लॉकडाऊनने शिकवलं. तेव्हा राज्यातली सलून मार्चपासून बंद होती. २८ जूनला परवानगी मिळाली तीही केस कापणं, डाय, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरतीच, त्वचेच्या सेवांना नाही. म्हणजे दुकान उघडलं तरी फेशियलची पॅकेजेस देणं शक्य नव्हतं. ज्यांनी ते पैसे भाड्यात आणि मालात घातले होते, त्यांना गिऱ्हाइकाला परत द्यायला काही उरलं नाही. पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे: इन्व्हर्टर नंतर घेतला तरी चालेल, ॲडव्हान्सचं वेगळं खातं मात्र आधी उघडा.