ग्रहाची मर्यादा आणि मणिबेलीचे पाणी

'ग्रहीय मर्यादा' ही संकल्पना आता शाश्वत विकासावरच्या बहुतेक निबंधांत भेटते. तिचे नऊ फाकांचे गोल चित्र छापले जाते, २०२३ च्या मोजणीनुसार नऊपैकी सहा मर्यादा ओलांडल्या गेल्याचे सांगितले जाते आणि निबंध पुढे सरकतो. टीका असलीच तर 'ही पाश्चात्त्यांची कल्पना' एवढीच. मांडणीची परीक्षा दोन्हींत होत नाही. ती कशी करता येईल, हे गोड्या पाण्याची एकच मर्यादा आमच्या अक्कलकुवा तालुक्याला लावून पाहू.

योहान रॉकस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ही मांडणी केली. गेली सुमारे अकरा-बारा हजार वर्षे पृथ्वीची स्थिती बऱ्यापैकी स्थिर राहिली आणि शेती व वस्ती त्याच काळात वाढली. ही स्थिरता ज्या नऊ प्रक्रियांवर टिकून आहे, त्यांपैकी सातांना त्यांनी आकड्यातली मर्यादा घातली. नद्या, तलाव आणि भूजल यांतून घेतलेले, पण पुन्हा तिथे न परतणारे पाणी वर्षाला ४,००० घन किलोमीटरच्या आत असावे, ही पाण्याची मर्यादा. त्या वेळी वापर सुमारे २,६०० होता. इथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. ४,००० हा कड्याचा काठ नव्हे. धोका ४,००० ते ६,००० यांच्या दरम्यान कुठेतरी वाढेल, असा अंदाज होता आणि सावधगिरी म्हणून त्यातला अलीकडचा आकडा निवडला गेला. किती धोका पत्करायचा, हा निर्णय विज्ञानाच्या आधाराने घेतला तरी तो माणसांनीच घेतलेला असतो.

आता हे माप नर्मदेला लावू. लवादाने १९७९ च्या निवाड्यात नर्मदेचे वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले, म्हणजे सुमारे साडेचौतीस घन किलोमीटर. त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला पाव दशलक्ष एकर-फूट आले. हे सगळे साडेचौतीस घन किलोमीटर कायमचे वापरून टाकले, तरी ४,००० च्या मापात एक टक्काही भर पडत नाही. इकडे सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावे बुडितात आली आणि महाराष्ट्राच्या बाजूने मणिबेली त्यांत पहिले ठरले. ज्या मापाला एक अख्खी नदी दिसत नाही, त्याला गाव दिसणे शक्यच नाही. पाणी खोऱ्याखोऱ्यांत वेगळे वागते, त्याची जागतिक बेरीज दिशाभूल करते, हा जलतज्ज्ञांचा आक्षेप इथे आकड्यानिशी पटतो.

पण निबंध इथेच थांबवला तर तो जुन्या मांडणीवरची टीका ठरेल. २०१५ मध्ये याच गटाने खोऱ्याच्या पातळीवरचे माप जोडले. नदीच्या मासिक प्रवाहातून किती उचल चालेल, ते प्रवाह कमी असताना २५ टक्के आणि भरपूर असताना ५५ टक्के ठरवले. २०२३ मध्ये मापच बदलले. आता जमिनीचे चौकोन पाडून, औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत किती क्षेत्रावर प्रवाह नेहमीपेक्षा फार कोरडा किंवा फार ओला झाला, हे पाहतात. त्या मोजणीत मर्यादा १०.२ टक्के आणि तेव्हाची स्थिती १८.२ टक्के होती. मुळांना मिळणाऱ्या जमिनीतल्या ओलीचे मापही स्वतंत्रपणे आले. धरणाने बदललेला प्रवाह या पद्धतीत निदान नोंदला जाऊ शकतो. आक्षेप उरतो तो आकड्याच्या उगमाचा. औद्योगिक काळापूर्वी जो चढउतार होत असे, त्याची वरची कड म्हणजे १०.२. ती ओलांडताच पृथ्वीची घडी विस्कटते, असे सिद्ध झालेले नाही. 'मर्यादा ओलांडली' याचा अर्थ 'जुन्या चढउताराबाहेर गेलो' एवढाच घ्यावा.

तिसरा प्रश्न वाटपाचा. चौकोन 'बिघडलेला' ठरला, तरी जमीन कोणाची गेली आणि कालवा कोणाच्या शेताला मिळाला, हे त्यातून कळत नाही. मूळ लेखकांनी तसा दावाही केला नव्हता. त्यामुळे मांडणीत हे नाही म्हणून तिला दोष देणे न्याय्य नाही. दोष द्यायचा तर तिचा धोरणासाठी होणाऱ्या वापराला. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. ही वीज कोळशाच्या जागी आली, तर हवामानाच्या मर्यादेवरचा ताण हलका होतो. तेच धरण पाण्याच्या मर्यादेवर ताण आणते. दोन्ही ताण चित्रात शेजारी दिसतात, पण त्यांतला कोणता आणि कोणाच्या खर्चाने स्वीकारायचा, हे चित्र सांगत नाही. केट रॅवर्थ यांनी २०१२ मध्ये आतले, माणसाच्या किमान गरजांचे कडे जोडले. तेही सरासरीवरच मोजले जाते, आणि सरासरीत बुडित आणि लाभक्षेत्र एक होतात.

म्हणून लिहिणाऱ्याने आधी सांगावे, की आपण कोणत्या वर्षाचे माप तपासतो आहोत. मग तो आकडा कशावरून आला हे पाहावे. शेवटी ते माप एखाद्या ओळखीच्या खोऱ्याला लावून त्यात काय दिसते आणि काय सुटते, हे मांडावे. नर्मदेत २००९ च्या मापातून नदीच सुटली. २०२३ च्या मापात नदी आली, पण तिच्या काठचे गाव अजूनही बाहेरच आहे.