‘नोकरीची हमी नाही’ हे आधी लिहा

मार्चचा पहिला आठवडा आला की कंपन्यांची पोस्टर्स झळकू लागतात. लॅपटॉपसमोर हसणारी स्त्री, मागे खेळणारं मूल आणि खाली मजकूर: ‘तुमची दुसरी इनिंग आमच्यासोबत! करिअरमध्ये खंड पडला म्हणून काय झालं? लवचिक वेळ, मार्गदर्शन, आपुलकीचं वातावरण. आजच अर्ज करा.’ पाच वर्षं घरी असलेली एखादी इंजिनिअर किंवा अकाउंटंट हे वाचते, आणि तिच्या मनात आलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. मी बसते का यात? पैसे किती? सहा महिन्यांनी पुढे काय?

अशा योजनांना आता बरीच वर्षं झाली. अमेरिकेत गोल्डमन सॅक्स या कंपनीने 2008 मध्ये ‘रिटर्नशिप’ सुरू केली आणि पुढे हा शब्द आपल्या नावे नोंदवूनही घेतला. त्याच वर्षी टाटा समूहाने ‘सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्रॅम’ आणला. त्यात स्त्रियांना प्रत्यक्ष कामाचा एखादा प्रकल्प दिला जाई आणि त्याचं माप ठरलेलं होतं: सहा महिन्यांत सुमारे 500 तास. सहा महिने म्हणजे 26 आठवडे. म्हणजे आठवड्याला साधारण 19 तास, पाच दिवस धरले तर रोज चारच्या आत-बाहेर. ‘लवचिक वेळ’ या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. ‘500 तास’ वाचल्यावर मात्र मुलांची शाळा किती वाजता सुटते हे आठवून कुणीही घरच्या घरी हिशोब मांडू शकते.

पोस्टरखालच्या चार ओळी लिहिणाऱ्याने इथूनच सुरुवात करायला हवी. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पात्रतेत. ‘खंड’ म्हणजे नेमका किती? टाटांच्या योजनेत किमान सहा महिने पुरत. अॅमेझॉनने 2021 मध्ये जाहीर केलेल्या 16 आठवड्यांच्या पगारी योजनेत किमान एक वर्ष कामाबाहेर असण्याची अट होती, तर गोल्डमन सॅक्सची अट दोन वर्षांची. म्हणजे दहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेली बाई एका दारातून आत जाते आणि दोन दारांवरून परत फिरते. बरं, हा काळ मोजायचा कुठून? बाळंतपणाची रजा धरायची, की राजीनाम्यानंतरच्या शेवटच्या दिवसापासून? मधल्या काळात कुणाचे जीएसटीचे हिशोब पाहिले, दोन महिने शिकवण्या घेतल्या, तर तो खंड मोडला का? ही उत्तरं कंपनीकडे असतात, कारण अर्ज छाननाऱ्याला ती लागतातच. ती जाहिरातीत येत नाहीत, कारण लिहिणाऱ्याला वाटतं अटींमुळे अर्ज कमी येतील. कमी येतीलही. पण जे येतील ते कामाचे असतील, आणि बाकीच्या जणींचा नकाराचा ईमेल वाचेल.

खंडाचं कारणही लिहिणारे आपल्या मनाने ठरवून टाकतात. चित्रात मूल असतं, मजकुरात ‘सुपरमॉम’ असते. पण कुणी सासऱ्यांच्या आजारपणासाठी थांबलेली असते, कुणी नवऱ्याची बदली झाली म्हणून, कुणी स्वतःच्या उपचारांसाठी. ‘कारण कोणतंही असो’ एवढे तीन शब्द घातले की त्या सगळ्यांची सोय होते.

आता आधाराकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. बऱ्याच जाहिरातींत ‘पाळणाघराची सुविधा’ मोठ्या अक्षरांत असते. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावीच लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. कायद्याने जे द्यायचंच आहे, ते भेट म्हणून मिरवणं म्हणजे पगार वेळेवर देतो याची जाहिरात करण्यासारखं. शिवाय ही पाळणाघरं साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात. आठ वर्षांनी परतणाऱ्या बाईचं मूल तिसरीत असतं. तिला हवी असते दुपारी चारला निघण्याची मुभा, आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरून काम करायची परवानगी. ही परवानगी कोण देणार, हे लिहिलेलं नसेल तर ती प्रत्येक वेळी त्या-त्या साहेबाच्या मर्जीवर राहते.

‘मार्गदर्शन’ या शब्दाचंही तेच. कागदावर मार्गदर्शक प्रत्येकीला मिळतो. त्याच्या स्वतःच्या कामातून आठवड्याचा एक तास यासाठी मोकळा केला आहे का, यावर सगळं ठरतं. नाही केला, तर तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या मीटिंगा आड येतात, आणि नवी आलेली बाई बदललेलं सॉफ्टवेअर शेजारच्या मुलाला विचारून शिकते.

पगाराचा उल्लेख तर बहुतेक ठिकाणी नसतोच. सहा महिन्यांच्या अशा योजनेत अनेकदा मिळतं ते मानधन. पीएफ कापला जाईल की नाही, आणि कायम झाल्यावर जुन्या अनुभवाची वर्षं धरून श्रेणी मिळेल की पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहावं लागेल, हे सही करताना कळतं. तोवर तिने मुलाला सांभाळायला बाई ठेवलेली असते आणि तिचे पैसे सुरू झालेले असतात.

एक उदाहरण करून पाहू. समजा, हिंजवडीतली एक कंपनी सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी अशी योजना आणते आहे. सुरुवातीच्या ‘दुसऱ्या इनिंग’ऐवजी तिला असं लिहिता येईल:

‘टेस्टिंगचा किमान 3 वर्षांचा अनुभव आणि 30 एप्रिलला नोकरी सोडून किमान 1 वर्ष झालेल्या स्त्रियांसाठी 12 जागा. थांबण्याचं कारण कोणतंही असो. अधूनमधून केलेली सुटी कामं चालतील. कालावधी 6 महिने, आठवड्याला 25 तास, मंगळवार आणि गुरुवार कार्यालयात, बाकी घरून. मानधन दरमहा 45 हजार रुपये. या काळात पीएफ नाही. पहिले तीन आठवडे नव्या टूल्सचं प्रशिक्षण. नोकरीची हमी नाही: मागच्या तुकडीतल्या 12 पैकी 7 जणींना कायम केलं.’

आकडे उदाहरणापुरते आहेत, पण मजकुराची रचना पाहा. पात्रता पहिल्याच वाक्यात आहे, कारण मोबाइलवर पहिल्या दोन-तीन ओळींखालचं उघडून वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. पीएफ नसल्याचं मानधनाच्या शेजारीच सांगितलं आहे, तळाच्या बारीक अक्षरांत नाही. आणि ज्या वाक्याला जाहिरात विभाग सगळ्यात आधी कात्री लावेल, ते ‘हमी नाही’ हेच सगळ्यात उपयोगाचं आहे. पाच जणी कायम झाल्या नाहीत हे समजून जी अर्ज करते, ती सहा महिन्यांत दुसरीकडेही प्रयत्न चालू ठेवते. योजना पहिल्याच वर्षाची असेल तर मागचा आकडा नसणार. मग ‘ही पहिली तुकडी आहे, किती जागा कायम होतील ते अजून ठरलेलं नाही’ असं लिहावं. त्याने कंपनीची पत जात नाही.

तोवर गुळगुळीत जाहिराती येतच राहतील. तेव्हा अर्ज करण्याआधी एचआरला चार प्रश्न ईमेलने विचारा, फोनवर नव्हे: खंड कोणत्या तारखेपर्यंत मोजता, दरमहा हातात किती पडेल, घरून कामाची परवानगी कोणाच्या सहीने मिळते, आणि मागच्या वेळी किती जणींना कायम केलं. उत्तर लेखी आलं तर ते जपून ठेवा. आलंच नाही, तर दुसऱ्या कंपनीकडे वळा.