फेरफार अडला? लाचलुचपत, लोकायुक्त की खंडपीठ?

समजा, सेनगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याचा वारस फेरफार सहा महिने अडला आहे आणि त्यासाठी पैसे मागितले जात आहेत. पैसे देण्याआधीच १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवावे. पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, मग पावडर लावलेल्या नोटांचा सापळा. पण गुन्हा दाखल झाला म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

पैशांची मागणी नाही, नुसतीच दिरंगाई आहे, तर लोकायुक्त. १९७१ च्या कायद्यानुसार गाऱ्हाणे बारा महिन्यांच्या आत मांडावे लागते. लोकायुक्त फाइल मागवून खुलासा घेऊ शकतात. मात्र फेरफार नामंजूर झाल्याचा आदेश निघाला असेल, तर आधी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील. तो मार्ग खुला असताना लोकायुक्त सहसा चौकशी करत नाहीत. शिवाय त्यांचा अहवाल ही शिफारसच, आणि खरी अडचण इथेच आहे.

बंधनकारक आदेश देते उच्च न्यायालय. हिंगोलीसाठी औरंगाबाद खंडपीठ. ‘अमुक मुदतीत निर्णय घ्या,’ असे ते तहसीलला सांगू शकते. लाच मागितली की नाही, याची साक्षपुराव्याने छाननी मात्र रिट याचिकेत सहसा होत नाही. ते काम तपास यंत्रणेचे.

अर्जाची तारीख-शिक्क्याची पोच जपून ठेवा. दिरंगाई दाखवायला तोच कागद लागतो.